पट्टे कुठे थांबतात ते पाहा

भंडाऱ्याजवळच्या कोका अभयारण्यात किंवा पवनीच्या बाजूने उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात वाघांची गणना होते, तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की त्याच्या दोन्ही कुशींचे फोटो निघतात. दोन्ही कुशी लागतात, कारण डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत. म्हणून पट्ट्यांवरून ओळखणं ही गोष्ट आपल्याकडे जंगलात जाणाऱ्याला नवी नाही. झेब्र्याच्या फोटोपुढे मात्र हीच सवय चकवते. वाघाच्या फोटोत प्रश्न एकच असतो, हा कोणता वाघ? झेब्र्याच्या फोटोत त्याच्या आधी आणखी एक प्रश्न असतो, हा कोणत्या जातीचा झेब्रा? या दोन प्रश्नांची उत्तरं अंगावर दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेली असतात.

कोणता झेब्रा, हे कूस सांगते. २०१६ च्या जानेवारीत केनियात ग्रेव्हीज जातीच्या झेब्र्यांची अशीच गणना झाली. दोन दिवस शेकडो लोक गाड्या घेऊन फिरले आणि दिसलेल्या प्रत्येक झेब्र्याचा फक्त उजव्या बाजूचा फोटो काढला. मग संगणकाने पट्टे जुळवून कोणता झेब्रा एकदाच दिसला आणि कोणता दोन्ही दिवशी दिसला ते वेगळं केलं, आणि त्या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला. तो २,३५० च्या आसपास आला. सगळ्यांनी एकच बाजू टिपायची हा नियम नसता, तर एकच झेब्रा डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा असा दोनदा मोजला गेला असता.

जात मात्र कुशीच्या मधोमध फारशी कळत नाही. ती कळते कडांवर. पोट, पुठ्ठा, शेपटीचं बूड, पाय, कान आणि गळा या जागी पट्टे कसे वळतात, किती रुंद होतात आणि कुठे थांबतात, ते पाहावं लागतं. आपली नजर साहजिकच सगळ्यात ठळक भागाकडे, म्हणजे बरगड्यांवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांकडे जाते आणि तिथेच अडकते. फोटो ओळखायला बसताना नजर तिथून उचलून कडेला नेली की अर्धं काम झालं.

तीन झेब्रे

आज जगात झेब्र्याच्या तीन जाती आहेत. तिन्ही आफ्रिकेतल्या आहेत.

मैदानी झेब्रा सगळ्यात जास्त दिसतो. महाराष्ट्रातून लोक मसाई माराला जातात आणि नदी ओलांडणाऱ्या कळपांचे फोटो घेऊन येतात, त्यात असतो तो हाच. याचे पट्टे रुंद आणि संख्येने कमी असतात. पुढच्या अंगावर ते उभे असतात, पण कुशीच्या मध्यापासून मागे झुकू लागतात आणि पुठ्ठ्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ आडवे होतात. सगळ्यात पक्की खूण पोटाशी आहे. याचे पट्टे पोटाखाली उतरतात आणि दोन्ही बाजूंचे पट्टे खाली मध्यरेषेकडे येतात, त्यामुळे पांढरं मोकळं पोट दिसत नाही. कान आखूड, घोड्याच्या कानांच्या जवळ जाणारे. बांधाही घोड्यापेक्षा तट्टूसारखा, आखूड पायांचा आणि भरलेला.

ग्रेव्हीज झेब्रा उत्तर केनिया आणि इथिओपियात राहतो. इथिओपियातल्या शोआच्या राजाने फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांना असा एक झेब्रा भेट पाठवला होता. त्यांच्यावरून १८८२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. जिवंत जंगली घोडा-गाढव कुळात हा सगळ्यात मोठा, खांद्याशी दीड मीटरच्या आसपास. पट्टे अरुंद, दाट आणि बहुतेक अंगभर उभे. पुठ्ठ्यावरही ते रुंद होत नाहीत. पोट पांढरं, पट्टे तिथे येण्याआधीच थांबतात. शेपटीच्या बुडाशीही दोन्ही बाजूंना पांढरी मोकळी जागा असते आणि तिच्या मधून पाठीवरचा जाड काळा पट्टा शेपटीपर्यंत जातो. डोकं लांब आणि निमुळतं, खेचराच्या डोक्यासारखं. कान मोठे, रुंद आणि टोकाला गोल. दुरून घेतलेल्या फोटोत पट्टे मिसळून राखाडी दिसले, तरी हे कान लपत नाहीत.

तिसरा डोंगरी झेब्रा दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि अंगोलातल्या खडकाळ उतारांवर राहतो. याचंही पोट पांढरं असतं, त्यामुळे नुसतं पोट पाहून ग्रेव्हीज म्हणून मोकळं होता येत नाही. तिथून पुठ्ठ्याकडे जायचं. अंगावरचे पट्टे बारीक, पण मांडीवर आले की एकदम रुंद. शेपटीच्या वर, कमरेवर, लहान आडव्या पट्ट्यांची एक ओळ असते, शिडीच्या पायऱ्यांसारखी. मागून किंवा थोडं वरून काढलेल्या फोटोत ही खूण दिसली तर दुसरं काही पाहायची गरज उरत नाही. बाजूने घेतलेल्या फोटोत गळा पाहावा. बैलाच्या गळ्याखाली पोळी लोंबते तशी, पण लहान, एक पोळी याच्या गळ्याला असते. बाकी दोन झेब्र्यांना ती नसते. याचे पायही खुरांपर्यंत पट्टेदार असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागात ही जात जवळजवळ संपली होती. १९३७ मध्ये तिच्यासाठी माउंटन झेब्रा नॅशनल पार्क स्थापन झालं आणि ती वाचली.

पट्टे वेगवेगळ्या रुंदीचे का?

या खुणा पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचं कारण कळलं तर त्या लक्षात राहतात. १९७७ मध्ये जोनाथन बार्ड या जीवशास्त्रज्ञाने एक सोपी कल्पना मांडली. गर्भात पट्टे आखले जातात तेव्हा तिन्ही जातींत त्यांच्यातलं अंतर सारखंच, मिलिमीटरच्या अर्ध्याहून थोडं कमी असतं. फरक आखणी केव्हा होते यात आहे. मैदानी झेब्र्यात ती साधारण तिसऱ्या आठवड्यात होते, डोंगरी झेब्र्यात चौथ्या आणि ग्रेव्हीजमध्ये पाचव्या. लवकर आखणी झाली तर गर्भ लहान असतो, त्याच्यावर थोडेच पट्टे मावतात, आणि अंग वाढत गेलं की ते ताणले जाऊन रुंद होतात. उशिरा झाली तर मोठ्या गर्भावर जास्त पट्टे बसतात आणि ते अरुंद राहतात. म्हणून मैदानी झेब्र्याच्या एका बाजूला २५ ते ३० च्या आसपास पट्टे असतात आणि ग्रेव्हीजच्या एका बाजूला साधारण ८०. डोंगरी झेब्रा या दोघांच्या मध्ये येतो.

पुठ्ठ्याचं रहस्यही इथेच उलगडतं. गर्भाचा मागचा भाग सुरुवातीला आखूड असतो आणि नंतर भराभर वाढतो. मैदानी झेब्र्यात पट्टे आधी पडलेले असतात, त्यामुळे मागचं अंग वाढताना ते पट्टे सोबत ओढले जातात, रुंद होतात आणि आडवे वळतात. ग्रेव्हीजमध्ये मागचं अंग बरंचसं वाढून झाल्यावर पट्टे पडतात, म्हणून ते बारीकच राहतात. डोंगरी झेब्र्यात आखणी या दोन टप्प्यांच्या मध्ये होते, म्हणून कुशीवर बारीक आणि मांडीवर रुंद असं दोन्ही एकाच अंगावर दिसतं. पुठ्ठ्याकडे पाहताना आपण त्या प्राण्याच्या गर्भातल्या वाढीचं वेळापत्रकच पाहत असतो.

एक फोटो सोडवून पाहू

समजा उत्तर केनियातल्या सांबुरू भागातला एक फोटो आपल्यासमोर आहे. तिथे मैदानी आणि ग्रेव्हीज या दोन्ही जाती एकाच कुरणात चरतात, त्यामुळे ठिकाणाच्या नावावरून उत्तर मिळत नाही. फोटोत दोन झेब्रे गुडघ्याच्या वर येणाऱ्या गवतात उभे आहेत. दोघांचं तोंड पलीकडे अर्धवट वळलेलं. पोट गवतात झाकलं गेलंय, पायही. म्हणजे सगळ्यात पक्की खूणच दिसत नाही.

अशा वेळी उरलेल्या कडांकडे जायचं. पहिल्या झेब्र्याच्या खांद्यावरचे आणि मांडीवरचे पट्टे शेजारी ठेवून तुलना करायची. मांडीवरचे पट्टे खांद्यावरच्यांपेक्षा स्पष्टपणे रुंद आहेत आणि मागे झुकून आडवे झाले आहेत. हा मैदानी असण्याची शक्यता मोठी. आता शेपटीचं बूड. तिथपर्यंत रुंद पट्टे आले आहेत, पांढरी मोकळी जागा नाही. कान डोक्याच्या मानाने आखूड. तीन वेगळ्या जागांनी एकच उत्तर दिलं, तर ते धरून चालायला हरकत नाही. दुसऱ्या झेब्र्याच्या मांडीवर खांद्याइतकेच बारीक पट्टे आहेत, शेपटीच्या दोन्ही अंगांना पांढरा भाग आणि मध्ये काळी जाड रेघ आहे, कान मोठे आणि गोल. हा ग्रेव्हीज.

इथे ठिकाणाचाही एक आधार आहे. डोंगरी झेब्रा रानात केनियात राहत नाही, म्हणून पांढरं पोट पाहून गोंधळ होण्याची तिसरी शक्यता आधीच वगळता येते. पण फोटो प्राणिसंग्रहालयातला असेल, तर ठिकाणाचा हा आधार पूर्ण बाजूला ठेवावा लागतो. तिथे जगाच्या कुठल्याही भागातला प्राणी एकाच कुंपणात असू शकतो.

आणि एक अडचण खरीखुरी आहे. केनियाच्याच लायकिपिया भागात ओल पेजेटा नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. तिथे ग्रेव्हीज नर आणि मैदानी माद्या यांच्यापासून झालेले संकर रानात नोंदले गेले आहेत. त्यांचे पट्टे मैदानीपेक्षा दाट आणि ग्रेव्हीजपेक्षा विरळ असतात, आणि ते आपल्या आयांच्या मैदानी कळपातच राहतात. म्हणून वर म्हटल्याप्रमाणे तीन जागा विचारायच्या. पुठ्ठा एक सांगतो, कान दुसरं सांगतात आणि पट्ट्यांची दाटी तिसरंच सांगते, अशी वेळ आली तर एकाच खुणेवर जोर देऊन जातीचं नाव लिहू नये. तो संकर असू शकतो.

मैदानी झेब्र्यातही पट्टे प्रदेशाप्रमाणे बदलतात. केनिया-टांझानियातल्यांचे पट्टे स्वच्छ काळे आणि खुरांपर्यंत उतरलेले. दक्षिणेकडे गेलं की काळ्या पट्ट्यांच्या मध्ये फिकट तपकिरी सावलीपट्टे दिसू लागतात आणि पायांवरचे पट्टे कमी होत जातात. एखाद्या दक्षिण आफ्रिकी फोटोतल्या झेब्र्याचे पाय जवळजवळ पांढरे दिसले, म्हणून तो वेगळ्या जातीचा ठरत नाही. पूर्वी या फरकांवरून उपजातींची नावं पडली. पण २०१८ मध्ये जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा पट्ट्यांवरून पाडलेल्या त्या सीमा जनुकांच्या सीमांशी जुळल्या नाहीत. म्हणून फोटोवरून मैदानी झेब्रा एवढं लिहावं. उपजातीचं नाव ठिकाण नक्की माहीत असल्याशिवाय लिहू नये.

पट्टे सगळ्यात लवकर थांबत ते क्वागा या प्राण्याच्या अंगावर. त्याचं डोकं, मान आणि पुढचं अंग पट्टेदार, मागचं अंग साधं तपकिरी आणि पाय पांढरे. दक्षिण आफ्रिकेतल्या या प्राण्यांची इतकी शिकार झाली की शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जिवंतपणी फोटो निघाले ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीचे. अर्धाच पट्टेदार असल्यामुळे क्वागा ही स्वतंत्र जात आहे असं बराच काळ मानलं गेलं. १९८४ मध्ये एका जपलेल्या कातड्यातून त्याचा डीएनए काढला गेला, नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याचा तो पहिला प्रयोग होता. त्यातून आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून क्वागा मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार होता असं दिसून आलं. दक्षिणेकडे पट्टे फिके होत जातात, त्या वाटेवरचं ते शेवटचं टोक होतं.

पट्टे नसलेले भाऊबंद

आपल्या देशात झेब्रा नाही, पण त्याचे दोन जंगली भाऊबंद आहेत आणि दोघांचेही फोटो आपल्याकडे चुकीच्या नावाने फिरतात.

पहिला घुडखर, म्हणजे भारतीय रानगाढव. कच्छच्या छोट्या रणात राहणारा. १९६९ च्या गणनेत त्यांची संख्या ३६२ होती, २०२४ च्या गणनेत ती ७,६७२ झाली. अंगाचा रंग वाळूसारखा ते फिकट तांबूस, पोट आणि कुशीचा खालचा भाग पांढरट. पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक गडद तपकिरी रेघ जाते. आयाळ आखूड, ताठ आणि गडद. खांदे आणि पाय सहसा साधे. फोटोत त्याला पाळीव गाढवापासून वेगळं करायचं तर पाय पाहा. घुडखराचे पाय लांब आणि बारीक, बांधा पळणाऱ्या प्राण्याचा, आणि रणात तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने पळतो. कान गाढवापेक्षा आखूड, घोड्यापेक्षा लांब.

दुसरा कियांग. लडाखला जाणारे लोक चांगथांगच्या पठारावर, त्सो मोरीरीच्या वाटेवर किंवा हानलेकडे याचे फोटो काढतात आणि 'जंगली घोडे' म्हणून पाठवतात. कियांग घुडखराहून मोठा आणि रंगाने गडद, लालसर तपकिरी, हिवाळ्यात आणखी गडद. त्याची खूण रंगांच्या सीमेवर आहे. वरचा तपकिरी आणि खालचा पांढरा यांच्यातली रेघ इतकी स्पष्ट असते की ती आखल्यासारखी वाटते, आणि खांद्याच्या मागे पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसतो. घुडखरात ही सीमा फिकट होत मिसळते. डोकं मोठं आणि नाकाची रेषा किंचित फुगीर. ताठ आयाळ, शेवटी झुपका असलेली शेपटी आणि लांब कान पाहिले की हे घोडे नाहीत हे लगेच कळतं.

शेपटी आणि आयाळ या दोन जागा घोडा वेगळा काढायला पुरेशा आहेत. घोड्याच्या शेपटीला बुडापासूनच लांब केस असतात. गाढव, रानगाढव आणि झेब्रा यांच्या शेपटीचा वरचा भाग आखूड केसांचा असतो आणि झुपका खाली. घोड्याची आयाळ बाजूला पडते आणि कपाळावरही येते. बाकीच्यांची ताठ उभी असते. अपवाद एकच, मंगोलियातला प्रझेवाल्स्की घोडा. त्याची आयाळ ताठ असते आणि कपाळावर केस नसतात. माणसांनी घोड्याची आयाळ कापून ताठ केली असेल, तरीही ही खूण फसवते. मग शेपटीकडे वळायचं.

इथे एक गंमत आहे, जिच्यामुळे सगळं एका कुळात बसतं. पट्टे फक्त झेब्र्यालाच असतात असं नाही. आपल्या गावातल्या राखाडी गाढवाच्या पाठीवर एक काळी रेघ आणि खांद्यांवर तिला छेदणारी आडवी रेघ अनेकदा असते. काहींच्या पायांवर फिकट काळी वळीही असतात. गाढव हा आफ्रिकेतल्या रानगाढवाचा वंशज, आणि त्या रानगाढवाच्या न्युबियन प्रकाराला खांद्यावरची रेघ असते, सोमाली प्रकाराच्या पायांवर ठळक पट्टे असतात. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. तिथे उभ्या असलेल्या राखाडी गाढवांच्या खांद्यांवर ही रेघ शोधून पाहावी. पांढऱ्या गाढवांत ती दिसत नाही, त्यामुळे रेघ नाही म्हणून गाढव नाही असं म्हणता येत नाही.

घोड्यांतही पट्टे असतात. काठियावाडी घोडा मातकट रंगाचा असेल, तर त्याच्या पाठीवर गडद रेघ आणि पायांवर आडवे पट्टे बऱ्याचदा मिळतात. दत्तजयंतीच्या सुमाराला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, तिथल्या घोड्यांचे फोटो दरवर्षी लोक पाठवतात. त्यात पायांवर पट्टे असलेला घोडा दिसला तर तो झेब्र्याचा संकर आहे असं कुणी तरी हमखास म्हणतं. त्याच्या कानांकडे पाहावं. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात आणि टोकं एकमेकांकडे येतात, कधी टेकतातही. असे कान या कुळात दुसऱ्या कोणाला नसतात. पायांवरचे पट्टे जुन्या पूर्वजांची आठवण आहेत, संकराचा पुरावा नाहीत.

रंगवलेले पट्टे

झेब्र्याचे पट्टे खरे की रंगवलेले, ही शंका आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वी घेतली गेली आहे. १६२१ मध्ये जहांगीर बादशहाला ॲबिसिनियातून आणलेला एक झेब्रा भेट मिळाला. त्याने आपल्या आठवणींत लिहिलं आहे की काहींना हे पट्टे रंगवलेले वाटले, म्हणून बारकाईने तपासणी झाली आणि ते नैसर्गिक असल्याचं ठरलं. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवण्याचं ठरलं.

त्या काळी शंका चुकीची ठरली, पण पट्टे रंगवण्याची कल्पना खोटी नव्हती. मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात पर्यटकांच्या फोटोंसाठी गाढवांना पट्टे रंगवण्याची रीत जुनी आहे, कारण काळ्या-पांढऱ्या फोटोत पांढरं गाढव उठून दिसत नसे. २००९ मध्ये गाझातल्या एका प्राणिसंग्रहालयाने दोन पांढऱ्या गाढवांना केसांच्या रंगाने पट्टे काढले, कारण खरे झेब्रे आणणं परवडत नव्हतं. २०१८ मध्ये कैरोमधल्या एका प्राण्यांच्या बागेतला झेब्रा असाच रंगवलेला आहे अशी शंका फोटो पाहून लोकांनी घेतली. बागेच्या लोकांनी ती नाकारली. कान लांब, चेहऱ्यावर काळे डाग पसरलेले आणि पट्ट्यांच्या कडा अस्पष्ट, ही शंकेची कारणं होती.

फोटोवरून असा प्रकार ओळखायचा तर पुन्हा कडांकडेच जावं लागतं. रंगवणारा माणूस कुशीवर मन लावून पट्टे ओढतो, आणि कडेला आला की त्याचा हात अडतो. खऱ्या झेब्र्यात मानेवरचा पट्टा आयाळीत चढतो आणि आयाळीचे केसही त्याच ठिकाणी काळे-पांढरे असतात. रंगवलेल्यात आयाळ आणि मान जुळत नाहीत. खऱ्या झेब्र्यात खांद्यावर पुढच्या पायाचे आणि अंगाचे पट्टे एकमेकांत घुसून टोकदार कोन करतात. रंगवलेल्यात सगळे पट्टे समांतर ओढलेले असतात. खऱ्याचं मुस्कट काळपट असतं, गाढवाचं पांढरट, आणि ते रंगाने झाकलं तरी डोळ्यांभोवतीचं फिकट वर्तुळ आणि लांब कान राहतातच.

कान मोजताना होणारी चूक

कानांवर इतका भर दिला, म्हणून त्यांच्यात लपलेला धोकाही सांगायला हवा. प्राणी चिडला किंवा पळत असला की कान मागे दुमडतो, आणि कोणाचेही कान आखूड दिसतात. समोरून जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठं येतं आणि मागे असलेले कान लहान होतात. म्हणून कान किती सेंटिमीटरचे हे पाहू नये, डोक्याच्या मानाने किती ते पाहावं, आणि तेही बाजूने घेतलेल्या, कान उभे असलेल्या फोटोतच. घोड्याचा कान डोक्याच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढा किंवा त्याहून कमी भरतो. गाढवाचा अर्ध्याजवळ पोहोचतो. रानगाढव मध्ये बसतं. शिंगराच्या फोटोत हे प्रमाण वापरू नये, कारण कोवळ्या वयात सगळ्यांचेच कान अंगाच्या मानाने मोठे दिसतात. झेब्र्याच्या शिंगराचे पट्टेही काळ्यापेक्षा तपकिरी आणि लोकरी केसांत पसरलेले असतात, म्हणून तिथे शेजारी उभी असलेली आई ओळखावी.

कधीकधी पट्टेच बिघडलेले असतात. २०१९ मध्ये मसाई मारात एक शिंगरू दिसलं, ज्याच्या गडद अंगावर पट्ट्यांऐवजी पांढरे ठिपके होते. रंगद्रव्याच्या दोषामुळे असं होतं. त्याच्या अंगावर पट्टे थांबण्याची जागाच नव्हती. पण त्याचे कान, त्याची ताठ आयाळ, त्याचा बांधा आणि बाजूची आई यांवरून तो मैदानी झेब्रा आहे हे ठरलं. पट्टे हे पहिले साक्षीदार आहेत, एकमेव नाहीत.

कोणी केनियाला, रणात किंवा लडाखला निघालं असेल, तर त्यांना एवढंच सांगावं. एका प्राण्याचे तीन फोटो काढा. एक पूर्ण बाजूने, कान उभे असताना, पोटाची खालची रेघ दिसेल असा. एक मागून थोडा तिरका, शेपटीचं बूड आणि कंबर दिसेल असा. एक डोक्याचा, गळ्यासकट. चांगला प्रकाश असेल तर उजवी बाजू आधी टिपा, म्हणजे झेब्रा ग्रेव्हीज असेल तर तुमचा फोटो गणना करणाऱ्यांच्याही उपयोगी पडू शकतो. फोटोखाली ठिकाण आणि तारीख लिहा. जात कोणती हे तीन जागांनी एकमताने सांगितलं तरच जातीचं नाव लिहा. दोनच जागा दिसत असतील आणि त्या जुळत नसतील, तर फक्त 'झेब्रा' किंवा 'रानगाढव' एवढंच लिहा. एवढं नावही खरं असेल, आणि पुढे कोणी जास्त जाणकार माणूस तो फोटो पाहील तेव्हा त्याला चुकीच्या नावाशी भांडावं लागणार नाही.